गुणिले १.२१२ : कुणाच्याही मनात नसलेला वर्णभेद

वर्णभेद म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे कुणीतरी माणूस उभा राहतो. १८९३ साली पीटरमॅरिट्झबर्गच्या स्टेशनवर गांधीजींना पहिल्या वर्गाच्या डब्यातून सामानासकट खाली उतरवणारे रेल्वेचे लोक, नाहीतर काळ्या माणसाला हॉटेलात घेणार नाही म्हणणारा मालक. असा माणूस दिसतो, त्याचा राग येतो आणि त्याला शिक्षा झाली की प्रश्न सुटला असं वाटतं.

दुसऱ्या एका प्रकारात हा माणूस सापडतच नाही. सगळे नियमाने वागतात, कुणी कुणाला वाकडं बोलत नाही, उलट बऱ्याच जणांना त्या गटाबद्दल आस्थाही असते. तरीही वर्षानुवर्षं एकाच गटाची माणसं रांगेत मागे राहतात. अभ्यासक याला संरचनात्मक वर्णभेद म्हणतात. म्हणजे माणसांच्या मनात असो वा नसो, नियमांत, फॉर्मांत आणि कामाच्या सवयींत मुरलेला वर्णभेद. व्याख्या वाचून बहुतेकांची मान हलते, पण गोष्ट काही पटत नाही. म्हणून मी एकच उदाहरण घेतो आणि त्यात खोल जातो. ते अमेरिकेतलं आहे, पण माझ्या रोजच्या कामातलं आहे. मिरजेत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी काम करतो आणि किडनीचे रिपोर्ट रोज हाताखालून जातात.

किडनीचं काम कसं चाललंय हे बघायला आपण रक्तातलं क्रिएटिनिन मोजतो. हा स्नायूंच्या कामातून तयार होणारा कचरा. किडनी तो गाळून लघवीवाटे बाहेर टाकते. गाळण मंदावली की रक्तातलं क्रिएटिनिन वाढतं. पण नुसत्या क्रिएटिनिनवरून अंदाज बांधणं अवघड, कारण पैलवानाचे स्नायू जास्त, म्हणून त्याचा कचराही जास्त. सत्तरीच्या आजीचे स्नायू आटलेले, तिचा कचरा कमी. दोघांच्या रिपोर्टवर १.२ आला तर पैलवानाची किडनी ठणठणीत असू शकते आणि आजीची निम्मी गेलेली असू शकते.

म्हणून एक सूत्र वापरतात. क्रिएटिनिन, वय आणि स्त्री की पुरुष एवढं त्यात घातलं की किडनी मिनिटाला किती मिलिलिटर रक्त गाळते याचा अंदाज मिळतो. रिपोर्टवर शेवटच्या ओळीत ‘ईजीएफआर’ म्हणून येतो तो हाच आकडा. ९० च्या वर असला तर सहसा ठीक. तीन महिने ६० च्या खाली राहिला तर किडनीचा जुनाट आजार. १५ च्या खाली गेला की डायलिसिसची भाषा सुरू होते. यात आणखी एक आकडा ध्यानात ठेवा, तो म्हणजे २०. अमेरिकेत ईजीएफआर २० किंवा त्याखाली आला की रुग्णाला किडनी प्रत्यारोपणाच्या प्रतीक्षा यादीत वेळ मोजून मिळायला लागतो. डायलिसिस सुरू झालं तरीही वेळ धरतात, पण डायलिसिसवर जायच्या आधीच रांगेत उभं राहायचं तर २० च्या खाली यावं लागतं. त्या यादीत किडनी कुणाला हे ठरवताना बऱ्याच गोष्टी बघतात, पण किती काळ थांबलात याला मोठं वजन असतं.

आता सूत्र कुठून आलं ते बघू. १९९९ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी एका मोठ्या अभ्यासातल्या १,६२८ किडनी रुग्णांची माहिती घेतली. या रुग्णांची गाळण नुसत्या अंदाजाने नव्हे, तर शरीरात एक द्रव्य टोचून आणि ते किती वेगाने बाहेर पडतं हे बघून प्रत्यक्ष मोजलेली होती. त्यावरून त्यांनी सूत्र बसवलं. बसवताना त्यांना दिसलं, की गाळण सारखीच असताना कृष्णवर्णीय रुग्णांचं क्रिएटिनिन सरासरीने थोडं जास्त येतं. का येतं? काळ्या माणसांचे स्नायू सरासरीने जास्त असतात असं काही जुन्या, छोट्या अभ्यासांत म्हटलेलं होतं. ते कारण म्हणून पुढे केलं गेलं आणि सूत्राच्या शेवटी एक गुणक जोडला गेला. पुढे जे चार घटकांचं सोपं रूप जगभर चाललं, त्यात तो असा होता : रुग्ण कृष्णवर्णीय असेल तर उत्तराला १.२१२ ने गुणा.

यात कुणाचा वाईट हेतू शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही. उलट त्यांना अचूकपणा हवा होता. गुणक लावला नसता तर काळ्या रुग्णांना उगीच आजारी ठरवलं जाईल, अशी त्यांची काळजी होती. त्या अभ्यासात कृष्णवर्णीय रुग्ण साधारण दोनशेच होते. शिवाय ते कृष्णवर्णीय हे रक्त तपासून ठरलेलं नव्हतं, फॉर्मवरच्या चौकटीवरून ठरलं होतं. बराक ओबामांच्या आई गोऱ्या, वडील केनियाचे. त्यांचा रिपोर्ट काढताना गुणायचं की नाही? सूत्राकडे याचं उत्तर नाही, कारण सूत्राला फक्त होय आणि नाही कळतं. उत्तर देतो तो काउंटरवरचा कारकून किंवा संगणकात आधीच भरलेला रकाना.

आता प्रत्यक्ष आकडे घालून बघू. पन्नास वर्षांचे दोन पुरुष. दोघांचं क्रिएटिनिन ३.५, म्हणजे किडनी बरीच गेलेली. एक गोरा, एक काळा. सूत्रात आकडे घातले की गोऱ्या माणसाचा ईजीएफआर येतो १८.६. काळ्या माणसाचा तोच १८.६ गुणिले १.२१२, म्हणजे २२.६. रक्त सारखं, वय सारखं, मशीन तेच. गोरा माणूस २० च्या खाली आहे, त्याचं यादीतलं घड्याळ आज सुरू होतं. काळा माणूस २० च्या वर आहे, त्याला सांगितलं जातं, ‘तुमची तब्येत अजून तेवढी बिघडलेली नाही, तीन महिन्यांनी या.’

त्याचं घड्याळ कधी सुरू होईल? गुणून २० यायचं तर न गुणलेला आकडा १६.५ पर्यंत उतरायला हवा. क्रिएटिनिनच्या भाषेत ३.५ चं ३.९ व्हायला हवं. गोऱ्या माणसाची वेळ सुरू झाली न गुणलेल्या २० वर, काळ्याची सुरू होणार १६.५ वर. मध्ये साडेतीन अंक. किडनी वर्षाला दोन अंकांनी ढासळते असं धरलं, तर हे झाले पावणेदोन वर्षं. डॉक्टरने काही केलं नाही, लॅबवाल्याने काही केलं नाही, यादी सांभाळणाऱ्याने काही केलं नाही. पावणेदोन वर्षं मात्र गेली.

त्यातही ज्या गटावर हे ओझं पडलं, त्याचं दुखणं आधीच मोठं होतं. अमेरिकेत कृष्णवर्णीयांमध्ये किडनी पूर्ण निकामी होण्याचं प्रमाण गोऱ्यांच्या तिपटीहून जास्त आहे. म्हणजे रांगेची गरज ज्यांना सगळ्यात जास्त, त्यांचाच आकडा नेमका फुगवून दाखवला जात होता.

हे मी आमच्या इथल्या एका दोस्ताला चहाच्या टपरीवर सांगत होतो. पेशाने तो शिक्षक. तो म्हणाला, ‘अरे पण ही तर गणिताची चूक झाली. चूक दुरुस्त करा, झालं. ह्याला वर्णभेद कशाला म्हणायचं?’ प्रश्न रास्त आहे आणि बहुतेक वाचकांच्या मनात हाच असणार.

साखर कारखान्याच्या वजनकाट्याचं उदाहरण घ्या. काटा बिघडला आणि सगळ्याच गाड्यांचं वजन दोन टक्के कमी दाखवू लागला तर ती चूक. बोंब होते, तपासणी होते, काटा दुरुस्त होतो. पण काटा फक्त बैलगाड्यांचंच वजन कमी दाखवत असेल, ट्रकचं बरोबर दाखवत असेल, ट्रकवाले संचालक मंडळावर असतील आणि बैलगाडीवाल्यांचं म्हणणं वीस वर्षं कुणी वर नेलं नसेल, तर त्याला नुसती चूक म्हणून भागत नाही. काट्यावर बसलेला माणूस प्रामाणिक असेलही. पण चूक कुणाच्या वाट्याला आली आणि ती इतकी वर्षं टिकली का, ह्या दोन प्रश्नांची उत्तरं रचनेत सापडतात, काट्यात नाही. किडनीच्या सूत्रात रंग घालताना कुणालाच खटकलं नाही, याचं कारण ‘काळी माणसं शरीरानेच वेगळी’ हे वैद्यकात आधीपासून रुजलेलं होतं. उंची, वजन, आहार यातही माणसामाणसांत फरक असतात, पण सूत्रात गुणक म्हणून बसला तो रंग. तो फॉर्मवर आयता मिळतो, म्हणून वापरला गेला. सवय म्हणतात ती हीच.

आणि सूत्र हा रांगेतला एकच टप्पा. त्याआधी डॉक्टरने रुग्णाला प्रत्यारोपणाच्या केंद्राकडे पाठवायला हवं. केंद्रात गेल्यावर तपासण्यांबरोबर हेही विचारतात, की ऑपरेशननंतर घरी सांभाळणारं कोण आहे, औषधं वेळेवर घ्याल का, ये-जा करायला गाडी आहे का. वैद्यकीयदृष्ट्या हे प्रश्न योग्यच आहेत. पण त्यांची उत्तरं गरिबी, नोकरी आणि घर यांवर अवलंबून असतात. तिथे डॉक्टर आपल्या मनाशी म्हणतो, ह्यांना जमणार नाही, उगीच आशा कशाला दाखवा. आपल्याकडेही हे नवीन नाही. सहा महिने गावाबाहेर असणाऱ्या ऊसतोड कामगाराला डायलिसिसची गरज लागली, तर त्याच्यासमोर प्रत्यारोपणाचा विषय किती जण काढतील? न काढण्यात द्वेष नसतो, बऱ्याचदा कीवच असते. रुग्णाला मात्र तो पर्याय होता हे कळतच नाही.

शिक्षक दोस्ताचा पुढचा सवाल होता, की हे आपल्याकडे कुठे दिसतं. जात आणि वर्ण एकच नव्हेत, दोघांचा इतिहास वेगळा, त्यामुळे एकाचं माप दुसऱ्याला जसंच्या तसं लावू नये. पण यंत्रणा कशी चालते हे बघायचं असेल तर तहसील कचेरीत चला.

विमुक्त जाती आणि भटक्या जमातींच्या माणसाला महाराष्ट्रात जातीचा दाखला हवा असेल, तर आपलं कुटुंब २१ नोव्हेंबर १९६१ रोजी किंवा त्याआधीपासून राज्यात राहत होतं, याचा पुरावा लागतो. इतर मागासवर्गासाठी ही तारीख १३ ऑक्टोबर १९६७ आहे. त्या त्या याद्या निघाल्या त्या तारखा या, त्यामागे दुसरा काही कावा नाही. पुरावे कडक ठेवण्यामागचा हेतूही चांगलाच, खोटे दाखले काढून खऱ्या माणसाच्या जागा कुणी पळवू नयेत.

आता सांगली जिल्ह्यातल्या एकाच कॉलेजात जाणाऱ्या दोन मुली डोळ्यांपुढे आणा. पहिली तासगावकडच्या माळी शेतकऱ्याची. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला घरच्या ट्रंकेत आहे, त्यावर जात लिहिलेली आहे. चुलत्याच्या नावावर सातबारा, त्यामागे जुने फेरफार. गावच्या कोतवाल बुकात आजोबांची जन्मनोंद. वंशावळ लिहायची, प्रतिज्ञापत्र करायचं, कागद जोडायचे.

दुसरी वडार समाजातली. तिचे आजोबा दगड फोडणारे, विहिरी खणणारे, जिथे काम तिथे पाल. १९५० च्या दशकात कोयनेसारखी धरणं सुरू झाली, कालवे सुरू झाले. अशा कामांवर राहणाऱ्यांची मुलं ज्या गावाच्या शिवारात जन्मली, त्या गावाच्या कोतवाल बुकात त्यांची नोंद व्हायचं काही कारणच नव्हतं, कारण ती त्या गावची नव्हती. आजोबा शाळेत गेले नाहीत, म्हणून शाळेचा दाखला नाही. जमीन नाही, म्हणून सातबारा नाही. वडील पहिल्यांदा शाळेत गेले ते १९८० च्या आसपास, आणि त्यांच्या दाखल्यावर मास्तरांनी जातीच्या रकान्यात नुसतं ‘हिंदू’ लिहून ठेवलं. मुलीला बारावीला चांगले गुण आहेत. अभियांत्रिकीच्या प्रवेशाला जातीचा दाखला हवा, पुढे पडताळणीचं प्रमाणपत्र हवं. कारकून म्हणतो, ‘ताई, माझी काही हरकत नाही, पण एकसष्टच्या आधीचा एक तरी कागद द्या.’ तो खोटं बोलत नाही. त्याने कागदाशिवाय फाइल पुढे सरकवली तर उद्या त्याचीच चौकशी लागेल.

ही दोन्ही कुटुंबं मी उदाहरणासाठी कल्पिलेली आहेत, पण जिल्ह्यात कुठल्याही सेतू केंद्राबाहेर तासभर उभं राहिलात तर दोघी भेटतील.

या नियमात गंमत बघा. ज्यांच्याकडे कागद असण्याची शक्यता सगळ्यात कमी, त्यांना जास्त जुना कागद मागितला जातो, सदुसष्टचा नव्हे, एकसष्टचा. आणि भटकं असणं ही ज्यांची ओळख, म्हणूनच जे यादीत आले, त्यांनी एका जागी राहिल्याचा पुरावा द्यायचा. वडारांसारख्या विमुक्त जातींची नावं सरकारने कधीच लिहिली नाहीत असंही नाही. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्यात घातलेल्या जमातींच्या माणसांची नावनोंदणी आणि हजेरी पोलिसांकडे चालायची. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी देशभरातून गेला. म्हणजे शाळेच्या रजिस्टरात नाव नाही, सातबाऱ्यावर नाव नाही, पोलिसांच्या वहीत मात्र होतं.

जातपडताळणीत दक्षता पथकाने घरी येऊन चौकशी करायची, रूढी-परंपरा विचारायच्या, अशी तरतूद आहे, आणि कागद नसलेल्याला तोच आधार असतो. पण त्यात महिने जातात आणि प्रवेशाची तारीख थांबत नाही.

किडनीच्या सूत्रात गट उघड लिहिलेला होता, तहसीलच्या नियमात नाही. म्हणून दोन्हीकडे तपासायची रीत वेगळी. जिथे गट फॉर्मवर आहे तिथे सोपं : बाकी सगळं तेच ठेवा, फक्त गट बदला आणि उत्तर बदलतं का बघा. १८.६ चं २२.६ झालं, संपला विषय. जिथे गट लिहिलेला नाही तिथे नियमाची प्रत्येक अट घेऊन विचारायचं, की ही पुरी करायला माणसाकडे आधीपासून काय असावं लागतं, आणि ते कुणाकडे नसतं. जमीन, शाळा शिकलेला आजोबा, कायमचा पत्ता, कधीकधी नुसता स्मार्टफोन. तिथे बहुतेक वेळा उत्तर सापडतं.

प्रत्येक तफावतीला हे लेबल लावता येत नाही, हेही खरं. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांमध्ये किडनीचा आजार जास्त असण्यामागे एक जनुकीय कारणही आहे. पश्चिम आफ्रिकेतून आलेल्या वंशात एपीओएल१ या जनुकाची दोन रूपं बऱ्याच जणांत आढळतात आणि ती किडनीला घातक ठरू शकतात. ते जीवशास्त्र आहे, त्यात व्यवस्थेचा दोष नाही. फरक असा, की हे जनुक तपासता येतं आणि ते काळ्या रंगाच्या सगळ्यांत नसतं. ‘कृष्णवर्णीय’ ही चौकट मात्र सगळ्यांना एकच गुणक लावत होती.

ही गोष्ट पुढे कशी सुटली तेही बघण्यासारखं आहे, कारण निम्मं सुटणं आणि पुरं सुटणं यातला फरक तिथे दिसतो. २००९ साली सुधारलेलं सूत्र आलं, पण रंग त्यातही राहिला, फक्त गुणक १.१५९ झाला. म्हणजे सुधारणा करणाऱ्यांनाही प्रश्न गुणकाच्या आकाराचा वाटला, गुणक असण्याचा नव्हे. खटकलं ते पुढच्या पिढीतल्या विद्यार्थ्यांना आणि डॉक्टरांना. २०१७ मध्ये बॉस्टनमधल्या एका मोठ्या हॉस्पिटलने गुणक वापरायचं थांबवलं. २०२० मध्ये अमेरिकेतल्या किडनीविषयक दोन मोठ्या संस्थांनी मिळून अभ्यासगट नेमला आणि २०२१ मध्ये रंग नसलेलं नवं सूत्र आलं. २०२२ मध्ये प्रत्यारोपणाची राष्ट्रीय यादी चालवणाऱ्या संस्थेने जुनं सूत्र वापरायला बंदीच केली.

बहुतेक ठिकाणी सुधारणा इथे थांबते. नियम बदलला, आजपासून सगळे सारखे. पण आधीच पावणेदोन वर्षं मागे राहिलेला माणूस आजपासून सारखा कसा होईल? तो रांगेत तितकाच मागे राहणार. त्या संस्थेने हा विचार केला आणि जानेवारी २०२३ पासून प्रत्येक प्रत्यारोपण केंद्राला एक वर्षाची मुदत दिली. आपल्या यादीतल्या कृष्णवर्णीय रुग्णांचे जुने रिपोर्ट काढा, गुणक न लावता पुन्हा हिशोब करा, आणि ज्यांचा आकडा आधीच २० खाली गेला होता त्यांची वेळ त्या तारखेपासून मोजा. चौदा हजारांहून जास्त रुग्णांची तारीख अशी मागे सरकली, सरासरी दोन वर्षांच्या आसपास. काहींना त्यामुळे लगेच किडनी मिळाली. यात कुणाला शिक्षा झाली नाही, कुणाला माफी मागावी लागली नाही, फाइली उपसल्या आणि तारखा बदलल्या. हे काम कंटाळवाणं होतं आणि मला वाटतं म्हणूनच ते दुर्मीळ आहे. अर्थात यादीत अजून जिवंत असलेल्यांनाच याचा उपयोग झाला. जे यादीत नाव लागायच्या आधी किंवा वाट बघत गेले, त्यांची तारीख मागे नेऊन काय करणार.

नियम करणाऱ्यांचा दोष कधी धरायचा, यावर माझं मत सरळ आहे. १९९९ च्या संशोधकांना मी दोष देणार नाही. परिणाम उघड झाल्यावरही ‘हे तर शास्त्र आहे’ म्हणत जे गुणकाला चिकटून राहिले, त्यांच्याबद्दल मात्र तसं म्हणता येत नाही. सगळ्यांचेच आक्षेप पोकळ होते असंही नव्हे. गुणक काढल्यावर काही कृष्णवर्णीय रुग्णांचा ईजीएफआर कागदावर घसरला, त्यामुळे काही औषधांचे डोस कमी करावे लागतात, काही औषधं बंद होतात, आणि घरच्या माणसाला किडनी देऊ इच्छिणारा एखादा दाता अपात्र ठरू शकतो. नवं सूत्र निर्दोष नाही. चूक आता एकाच गटावर लादलेली नाही, इतकंच.

आमच्या लॅबच्या खिडकीतून बघितलं तर यात आपलाही एक हिशोब निघतो. वर सांगितलेली जुनी-नवी सूत्रं मुख्यतः अमेरिकेतल्या माणसांवर बसवलेली. आपल्याकडे, विशेषतः शाकाहारी आणि अंगाने किरकोळ माणसांत, स्नायू कमी, मांसाहार कमी, म्हणून क्रिएटिनिनही कमी. अशा माणसाची किडनी आहे त्याहून चांगली असल्याचं सूत्र दाखवतं. भारतातल्या अभ्यासांतही ही सूत्रं गाळण जास्त दाखवतात असं आढळलं आहे. चाळीस किलोच्या शाकाहारी आजीचा ईजीएफआर ६५ आला म्हणून निर्धास्त होऊ नका. मधुमेह किंवा ब्लड प्रेशर असेल तर लघवीतलं अल्ब्युमिन तपासून घ्या, आणि शंका राहिली तर डॉक्टरांना सिस्टॅटिन सी या तपासणीबद्दल विचारा. तो पदार्थ स्नायूंवर फारसा अवलंबून नसतो. तपासणी महाग आहे आणि प्रत्येक लॅबमध्ये होत नाही, आमच्याकडेही नमुना बाहेर पाठवावा लागतो. रिपोर्टच्या तळाला कोणतं सूत्र वापरलं ते बारीक अक्षरांत छापलेलं असतं. २०२१ चं आहे का तेवढं बघून घ्या.